वॉचनाइटचा संदेश पहिल्यांदाच देणार आहात? लूक १३ वरून तयारी कशी करावी

पाळकसाहेबांकडे चार गावांच्या मंडळ्या असल्या की ३१ डिसेंबरच्या रात्री ते एकाच ठिकाणी असणार. बाकीच्या तीन ठिकाणी वॉचनाइटची उपासना एखादा पंच, शाळेतले गुरुजी किंवा तरुण संघातलं कोणीतरी घेतं. नाताळच्या गडबडीत निरोप येतो, "या वेळी संदेश तुम्ही द्या," आणि हातात जेमतेम पाच दिवस उरतात.

मला पहिल्यांदा असाच निरोप आला. त्या रात्री मी कळकळीने बोललो आणि शेवटी सगळ्यांना उभं करून मोठ्याने म्हणायला लावलं, "नव्या वर्षात मी रोज पवित्र शास्त्र वाचीन." सगळ्यांनी म्हटलं. मला वाटलं, संदेश पोचला. फेब्रुवारीत मंडळीतल्या एक मावशी बाजारात भेटल्या. बरेच रविवार दिसल्या नव्हत्या, म्हणून विचारलं. म्हणाल्या, "तुम्ही वदवून घेतलंत ना, ते माझ्याच्याने झालं नाही. शेतावरून येते आणि डोळा लागतो. मग देवळात यायचं कोणत्या तोंडाने?"

मी घेतलेल्या वचनाने एक माणूस उपासनेपासून तुटलं होतं. तेव्हापासून मी हा संदेश कसा तयार करतो, ते इथे क्रमाने लिहितो.

## आधी हे जवळ घ्या

- मंडळीची नोंदवही: बाप्तिस्मे, लग्नं, दफनं आणि नवे सभासद
- पवित्र शास्त्राची तीच प्रत, जी तुमच्या मंडळीत वाचली जाते
- "उपासना संगीत"
- संदेशाची मोठ्या अक्षरात लिहिलेली प्रत आणि बॅटरी (रात्री लाइट गेली तर मोबाइलच्या उजेडात एका हाताने पानं उलटत नाहीत)
- प्रत्येक बाकावर ठेवायला कोऱ्या कागदाचे तुकडे आणि पेन्सिली
- सगळ्यांना दिसेल असं, वेळ नीट लावलेलं घड्याळ

## १. बारापासून मागे मोजा

बाकीच्या उपासना सुरू कधी होतात ते ठरलेलं असतं, वॉचनाइट संपते कधी ते ठरलेलं असतं. म्हणून कागदावर सगळ्यात खाली बारा लिहा आणि वर चढत जा.

आमच्याकडे ११:४५ ला सगळे गुडघे टेकतात. त्याआधी दहा मिनिटं शांतता. म्हणजे संदेश ११:३५ ला संपायला हवा. मी मिनिटाला साधारण शंभर शब्द बोलतो, तेव्हा अठराशे शब्दांचा संदेश अठरा मिनिटांचा होतो आणि तो ११:१७ ला सुरू व्हावा लागतो. तुमचा वेग घरी एक पान मोठ्याने वाचून मोजा.

इथला नेहमीचा घोटाळा म्हणजे साक्षी. साडेदहाला गीतं, अकराला साक्षी असं ठरतं. पण पहिलाच भाऊ जानेवारीपासून सुरुवात करतो आणि मार्चपर्यंत पोचायला त्याला नऊ मिनिटं लागतात. अशा वेळी संदेश दहा मिनिटांत उरकायची पाळी येते, किंवा बोलता बोलता बारा वाजतात. त्यामुळे साक्षी देणारे तिघंच ठरवा. त्यांना आधी भेटा आणि प्रत्येकाला एकाच घटनेबद्दल बोलायला सांगा. बाकीच्यांच्या साक्षी १ तारखेच्या सकाळच्या उपासनेत छान होतात.

दुसरी गोष्ट, फटाके बाराच्या ठोक्याची वाट पाहत नाहीत. पाचएक मिनिटं आधीच सुरू होतात. शांततेचा भाग त्याआधी पुरा होईल असं बघा.

## २. संदेश लिहिण्याआधी नोंदवही वाचा

हे काम मी २७ किंवा २८ तारखेला करतो. नोंदवही उघडायची आणि सरत्या वर्षाची पानं सावकाश वाचायची. कोणाचा बाप्तिस्मा झाला, कोणाचं लग्न झालं, कोणाला माती दिली. जे नोंदवहीत नसतं ते शेजारी पेन्सिलीने लिहायचं: कोणाचं मूल दवाखान्यातून परत आलं, कोणाची नोकरी गेली, कोणाच्या घरात मुलीचं जमलेलं मोडलं.

ही यादी देवळात वाचायची नाही. त्या रात्री समोर कोण बसणार आहे, ते तुम्हाला कळावं म्हणून ती आहे. तिसऱ्या बाकावर ऑगस्टमध्ये नवरा गेलेली बाई बसणार आहे हे डोळ्यांसमोर असलं, की "देवाने या वर्षी आपल्या सर्वांना सुखरूप राखलं" हे वाक्य हातून लिहिलंच जात नाही.

गेलेल्यांची नावं प्रार्थनेत घ्यायची असतील तर घरच्यांना आधी विचारा. काहींना ते फार हवं असतं, काहींना त्या रात्री सोसत नाही.

## ३. एकच उतारा घ्या

कृतज्ञतेला एक वचन, पश्चात्तापाला दुसरं, निश्चयाला तिसरं असं केलं तर तीन छोटे संदेश होतात आणि एकही लक्षात राहत नाही. मला तिन्ही गोष्टी लूक १३:१-९ मध्ये सापडल्या.

हा उतारा नवव्या ओवीपर्यंत पुरा वाचा. आपल्याकडे सहापासून, म्हणजे अंजिराच्या झाडापासून वाचायची सवय आहे. पण दाखला सुरू होण्याआधी लोक येशूला एक बातमी सांगतात: पिलाताने काही गालीलकरांना ते यज्ञ करत असतानाच मारलं. येशू त्यात आणखी एका घटनेची भर घालतो, शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं दगावली होती. मेलेले इतरांपेक्षा जास्त पापी होते असं तुम्हाला वाटतं का, असं तो विचारतो, आणि स्वतःच "नाही" म्हणतो. मग पश्चात्तापाबद्दल बोलतो आणि त्यानंतर दाखला सांगतो.

म्हणजे क्रम तयारच आहे. बुरुजाखाली न सापडलेली माणसं ऐकत आहेत, ही कृतज्ञतेची जागा. तीन वर्षं फळ नाही, ही पश्चात्तापाची. आणि माळी म्हणतो की एवढं वर्ष राहू द्या, मी भोवती खणून खत घालतो, ही निश्चयाची. शिवाय दाखल्यात मुदत एका वर्षाची आहे. वॉचनाइटला याहून जवळचा उतारा मला तरी माहीत नाही.

सासवड-पुरंदर भागात अंजिराच्या बागा आहेत. त्या बाजूची माणसं मंडळीत असतील तर आधी त्यांच्याशी बोला. मी बोललो तेव्हा एका शेतकरी दादांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. अंजीर लावल्यावर दोन-तीन वर्षांत फळ धरतं, तेव्हा धन्याचा राग उतावळेपणाचा नाही. आणि आळं खणताना खोडाजवळची मुळं दुखावतात, म्हणून ते जपून, हाताने करायचं काम आहे. कुजलेलं शेणखत घालून माती परत ओढायची, मग पाणी. ही गोष्ट त्यांनी जमिनीवर बोटाने गोल काढून दाखवली. संदेशात मी तोच गोल हवेत काढून दाखवतो आणि मागच्या बाकावरची मुलंसुद्धा बघायला लागतात.

## ४. कृतज्ञता: बुरुजाखाली जे सापडले, त्यांच्या घरचे ऐकत आहेत

या भागाला पाच मिनिटं द्या. धोका एकच आहे, पण मोठा आहे. "अमक्या अपघातात इतके गेले, पण प्रभूने मला वाचवलं" अशी साक्ष आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ज्याचा माणूस त्याच अपघातात गेला, त्याच्या कानावर ते कसं पडत असेल? येशूने हाच हिशेब नाकारला. वाचलेला चांगला होता म्हणून वाचला नाही आणि गेलेला वाईट होता म्हणून गेला नाही.

मग आभार कशाचे मानायचे? मिळालेल्या दिवसाचे, तो आपल्या लायकीने मिळालेला नाही, हे जाणून. माझ्या प्रतीतला हा तुकडा असा आहे:

"या वर्षी आपल्या मंडळीत दोन बाळं आली आणि तीन माणसं गेली. आपण इथे बसलो आहोत, पण आपण त्यांच्यापेक्षा बरे होतो म्हणून नाही. आज सकाळी चूल पेटवताना, गाडीला किक मारताना, मुलीची वेणी घालताना आपल्याला जो दिवस मिळाला, तो आपण कमावला नव्हता. ज्यांच्या घरात या वर्षी एक ताट कमी झालं, त्यांच्याकडून मी आज आभाराचं गाणं मागत नाही. तुम्ही नुसतं बसा. गाणं आम्ही म्हणतो."

ते शेवटचं वाक्य मी सोडत नाही. शोकात असलेल्या माणसाला आभार न मानण्याची मोकळीक मिळाली की तो निदान बसून राहतो.

आभार मानताना ठोस राहा. "अनेक आशीर्वाद" म्हणू नका. एक बोअर, एक परीक्षा, एक बरा झालेला पाय सांगा. आणि पगारवाढ, नवं घर, परदेशातली नोकरी यांचीच उदाहरणं देऊ नका, नाहीतर ज्यांना त्यातलं काहीच मिळालं नाही त्यांना आपण देवाच्या यादीत नसल्यासारखं वाटतं.

## ५. पश्चात्ताप: नुकसान आणि चूक वेगळे करा

वर्षअखेरीला माणूस दोन ओझी घेऊन येतो आणि दोन्ही एकाच पिशवीत घालतो. कांदा चाळीत सडला, मुलगा नापास झाला, गर्भ राहून गेला, ही नुकसानं आहेत. भावाशी बांधावरून बोलणं टाकलं, मजुराचे पैसे बुडवले, आईला दोन महिने फोन केला नाही, या चुका आहेत. उपदेशकाने पिशवी उघडून हे वेगळं केलं नाही, तर गर्भ गेलेली बाई त्या रात्री पापाची क्षमा मागून घरी जाते. शिलोहाच्या बुरुजाबद्दल येशूने जे सांगितलं त्याच्या हे अगदी उलट आहे. म्हणून मी हे शब्दांत सांगतो: "जे तुमच्यावर कोसळलं, त्याची क्षमा आज मागू नका. त्याचं रडणं देवापुढे आणा."

मग चुकांकडे या. इथे इतरांची उदाहरणं कधीच देऊ नका. गाव लहान असतं, नाव न घेताही सगळे ओळखतात. स्वतःची एक चूक सांगा, लहान आणि खरी. मी एका वर्षी सांगितलं की किराणा दुकानदाराची सातशे चाळीस रुपयांची उधारी मी आठ महिने दिली नव्हती आणि दुकान टाळायला दुसऱ्या गल्लीने जात होतो. ३० तारखेला ती फेडली, मगच ३१ ला बोललो. फेडण्याआधी सांगितलं असतं तर ती फक्त गोष्ट झाली असती.

जक्कयाची आठवण इथे एका वाक्यात द्यायला हरकत नाही (लूक १९:८). त्याने वाईट वाटून घेतलं एवढंच नाही, चौपट परत देतो म्हणाला. आकडा सांगितला. मत्तय ५:२३-२४ मध्येही अर्पण वेदीजवळ ठेवून आधी भावाकडे जायला सांगितलं आहे. तसं चालत जाता येईल अशी जागा असली की पश्चात्ताप नुसत्या हुरहुरीवर थांबत नाही. ज्याच्याकडे जायचं तो माणूसच हयात नसेल, तर तेही सांगा: आता जाता येत नाही आणि ते दुःख उरणार आहे.

याच भागात मूळ ग्रीकमधली एक गोष्ट कामाला येते. माळी "राहू द्या" म्हणतो तिथे जे क्रियापद आहे, तेच प्रभूच्या प्रार्थनेत "आम्हांला क्षमा कर" या जागी आहे (लूक ११:४). झाडाला मिळालेलं वर्ष आणि क्षमा यांना एकच शब्द आहे. हे मी हळू सांगतो आणि दोन क्षण थांबतो. ग्रीक शब्द मात्र म्हणून दाखवत नाही; त्या रात्री कोणाला त्याची गरज नसते.

## ६. निश्चय: झाडाकडून वचन घेऊ नका

दाखला पुन्हा वाचून बघा, झाड काहीच बोलत नाही. "पुढच्या वर्षी नक्की फळ देईन" असं ते म्हणत नाही. बोलतो माळी, आणि तोही फळाची हमी देत नाही. खणतो आणि खत घालतो म्हणतो, एवढंच त्याच्या हातात आहे. फळ आलं तर बरं, नाहीतर तोडा. मराठीतलं ते "बरं" मूळ ग्रीकमध्ये नाही. तिथे "फळ आलं तर" एवढ्यावरच वाक्य थांबतं.

माझ्या पहिल्या वर्षीची चूक मला इथे सापडली. मी मावशींकडून फळ मागितलं होतं. आळं खणायला कोणी गेलंच नव्हतं.

म्हणून आता निश्चय असा मागतो: एकच काम, आपल्या हातातलं, जानेवारीतलं, दिवस ठरलेलं. "भावाशी समेट करीन" हे फळ आहे, ते एकट्याच्या हातात नाही. "१० तारखेच्या आत त्याच्या घरी जाऊन चहा पिईन, बांधाचा विषय काढणार नाही" हे खणणं आहे. "दारू सोडीन" हे फळ आहे. "सोमवारी पाळकसाहेबांबरोबर व्यसनमुक्ती केंद्रात जाईन" हे खणणं आहे. मावशींसाठी खणणं म्हणजे रोजचं वाचन नव्हतंच. त्यांची नात मोठ्याने वाचते आणि त्या भाकरी थापतात, आठवड्यातून एक दिवस. पुढच्या वर्षी आम्ही दोघांनी बसून ते ठरवलं आणि बराच काळ ते चाललं.

उपदेशक ५:४-५ हेही वाचून दाखवा: नवस करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा. आपल्या मंडळ्यांतही "अमुक झालं तर तमुक देईन" असं देवाशी बोलून ठेवलेलं असतं आणि वर्षअखेरीला ते छातीवर बसतं. ज्यांना या वर्षी काही ठरवण्याची ताकद नाही, त्यांना मोकळं सोडा. दाखल्यात झाडाचं काम मुळं सोडून न जाणं एवढंच आहे.

पोकळ वचनं उपदेशकाकडूनही दिली जातात, त्यांपासून सांभाळा. "हे वर्ष तुमच्या बढतीचं", "येत्या वर्षी कोणी आजारी पडणार नाही" असं बोलण्याचा अधिकार आपल्याला नाही. वर्षाच्या वचनाच्या चिठ्ठ्यांमध्ये यिर्मया २९:११ हमखास असतं, चांगल्या भविष्याबद्दलचं. त्याच्या आधीची ओवी सोबत वाचा. बाबेलमध्ये सत्तर वर्षं काढल्यावर ते होणार होतं आणि यिर्मयाचं ते पत्र वाचणाऱ्या बंदिवानांपैकी पुष्कळांना परतीचा दिवस दिसलाच नाही. मी चिठ्ठ्या काढण्याच्या विरोधात नाही, पण ज्याला ही चिठ्ठी येते त्याला दहावी ओवी माहीत असावी.

मेथडिस्ट परंपरेतल्या मंडळ्यांना आणखी एक आधार आहे. जॉन वेस्ली यांनी ११ ऑगस्ट १७५५ रोजी लंडनमध्ये कराराची उपासना घेतली. पुढे ती नव्या वर्षाशी जोडली गेली. तिच्यातल्या प्रार्थनेचा भाव असा आहे: मी माझा नाही, तुझा आहे, मला कामाला लाव किंवा बाजूला ठेव. "मी हे करीन, ते करीन" अशी यादी तिच्यात नाही. तुमच्या मंडळीत ती वापरात असेल तर संदेशानंतर तीच घ्या, नवी प्रार्थना रचायची गरज नाही.

## ७. शेवटची पंचवीस मिनिटं

संदेश उघडाच ठेवा. दाखल्यात धन्याचं उत्तर आलेलं नाही. ते तुम्ही देऊ नका. मी एवढंच म्हणून थांबतो: "माळ्याच्या हातात कुदळ आहे. धनी अजून बोललेला नाही. बाकावर कागद आहे."

मग दहा मिनिटं शांतता. एका बाजूला एक आभार, दुसऱ्या बाजूला एक खणायचं काम, तारखेसह. लिहिता न येणाऱ्यांनी मनात धरायचं. कागद गोळा करू नका, वाचून दाखवू नका, वेदीवर ठेवायलाही सांगू नका. ज्याचा त्याने खिशात घालायचा. हात वर करायला किंवा उभं राहायला सांगू नका. पेटी वाजवू नका, कारण सुरात माणूस भरून येऊन भलतंच मोठं काही लिहितो.

११:४५ ला गुडघे टेकायचे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना बसून राहायला आधीच सांगा. स्तोत्र ९० वाचायचं, मग उघडी प्रार्थना. बाराला घंटा. घंटेनंतर टिळकांचं एखादं पद सगळ्यांना येणाऱ्या चालीत घ्या. नवी चाल त्या वेळी चालत नाही, फटाक्यांत सूर सापडत नाही. मग हस्तांदोलन, केक, चहा.

चहाच्या वेळी दाराशी उभे राहा. ज्यांच्या घरी माणूस गेलं आहे त्यांना "हॅपी न्यू इयर" म्हणायची घाई करू नका. हात हातात घ्या आणि त्यांच्या माणसाचं नाव घ्या.

## ८. फेब्रुवारीत

संदेशाची प्रत नोंदवहीत ठेवून द्या आणि फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर अर्धा तास देवळातच बसा. कोणाला कागदाबद्दल बोलायचं असेल तर बोलेल. कोणाला काही विचारू नका. मी बसतो तेव्हा बहुतेक दोघं-तिघं येतात. कामाची तारीख उलटून गेलेली असते आणि कागद घडी पडून मऊ झालेला असतो. मग आम्ही पेन्सिलीने तारीख खोडून पुढची लिहितो.